पाच आऱ्यांचं चाक

आमचे सर फळ्यावर हाताने वर्तुळ काढायचे. कंपास नाही, दोरी नाही. खांद्यापासून हात फिरवला की खडू निघाला तिथेच येऊन टेकायचा. वर्गात मागच्या बाकावर जी मंडळी झोपायला यायची, तीही या वेळेपुरती जागी व्हायची. वर्तुळ मिटलं की सर खडूची भुकटी झटकायचे आणि आमच्याकडे न बघता विचारायचे, "मिटलं का?" आम्ही सगळे ओरडायचो, "मिटलं!" मी त्यांची विद्यार्थिनी होते तेव्हाही हेच, आणि पुढे त्याच चंद्रपूरच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले तेव्हाही हेच. मी वरोऱ्याहून रोज गाडीने यायचे, धापा टाकत वर्गाच्या दारावरून जायचे, आणि आतून "मिटलं!" ऐकू आलं की समजायचं, सरांचा तास सुरू झालाय आणि मला उशीर झालाय.

सर नागभीडकडचे. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेले, आणि चढले ते थेट गणितात. मी त्यांची आवडती होते हे मला ठाऊक होतं, कारण ते मला सगळ्यांत जास्त बोलायचे. खूश असले की "पोरी", चिडले की "मॅडम". माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे हे त्यांना कळल्यापासून माझ्या प्रत्येक सिद्धतेला ते विचारायचे, शिवण पक्की आहे की नुसते टाके घातलेत. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हते. त्यांचा कोट पाहून मी एकदा म्हटलं होतं की हा कोट कोणी शिवला ते सांगा, म्हणजे अब्बांना त्या माणसापासून सावध करते.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली तेव्हा सरांनी पीएच.डी.चं मनावर घेतलं. विषय असा, की कोणालाही सांगता यावा. काडेपेटीच्या काड्या घ्या, टेबलावर मांडा. टोकाला टोक जुळवायचं, काडीवर काडी चढू द्यायची नाही. जिथे टोकं भेटतात तो शिरोबिंदू, काडी म्हणजे कडा. अशा मांडणीला आम्ही ग्राफ म्हणतो. सगळ्या काड्या सारख्याच लांब, म्हणून प्रत्येक कडेची लांबी एक. आता कोणते ग्राफ असे काड्यांनी मांडता येतात आणि कोणते मुळीच येत नाहीत, एवढाच प्रश्न. ऐकायला पोरखेळ आहे, करायला बसलं की भल्याभल्यांची जिरते. स्टाफरूममध्ये त्यांना कोणी विचारायचं, की सर, या वयात काड्या घालायचा विषय घेतलात होय? सर म्हणायचे, "आतापर्यंत तुम्ही लोकच घालून राह्यले होते."

सगळा प्रबंध लॅटेकमध्ये, म्हणजे गणित छापायच्या संगणकी प्रणालीत, मी टाइप केला. मी नागपूरला एका कार्यशाळेत ते शिकून आले होते, सोबत एक सीडीही आणली होती, त्यामुळे आख्ख्या विभागात मीच काय ती तज्ज्ञ. आकृत्या मात्र सरांनी स्वतः काढल्या, शाईच्या पेनाने, हाताने, आणि आम्ही त्या स्कॅन करून चिकटवल्या. देखण्या होत्या हो. प्रबंध दोन परीक्षकांकडे गेला. एकाने छान म्हणून पाठवला. दुसऱ्याने तिसऱ्या प्रकरणातल्या एका आकृतीला अडवलं. आकृतीत सर्व कडांवर एक लिहिलंय, सर्व कोनांत साठ अंश लिहिलंय, मोजून पाहिल्यास तसं नाही. आकृती संगणकावर मापाने काढून द्यावी, मगच तोंडी परीक्षा घेता येईल. म्हणजे हा गृहस्थ कोनमापक घेऊन बसला होता. मला तर आधी हसूच आलं.

सरांना आलं नाही. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. तोंडी परीक्षा त्याआधी झाली तर ठीक, नाहीतर पदवी मिळणार ती घरी बसल्यावर. वरवर ते म्हणायचे, आपल्याला काय फरक पडतो. पण एकदा खडू शोधायला मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली दारावरची पाटी. रंगारी स्वस्तात करतो म्हणाला म्हणून आधीच करवून घेतलेली, नावाच्या आधी ठसठशीत "डॉ." मी ती होती तशी गुंडाळून ठेवली आणि खण लावला. पस्तीसेक वर्षं पोरांना शिकवून हा माणूस ती पाटी खणात लपवून बसला होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्या कोनमापकवाल्याचा फार राग आला. त्याच दिवशी मी सरांना सांगितलं की आकृतीची काळजी सोडा, ती माझ्यावर.

आकृती होती पाच आऱ्यांच्या चाकाची. मध्ये एक बिंदू, त्याच्याभोवती पाच, मधल्यापासून पाचही जणांना एकेक कडा, आणि बाहेरून पाचही जण एकमेकांना जोडलेले. बैलबंडीचं चाकच, फक्त धाव, म्हणजे बाहेरची कड, सरळ काड्यांची. पाच आरे, पाच धावेच्या, दहा काड्या. प्रत्येक बिंदूला नाव, प्रत्येक कडेवर एक, मधल्या बिंदूपाशी पाच कोन आणि प्रत्येकात साठ अंश. यात अवघड ते काय!

लॅटेकमध्ये चित्र काढायला टिक्झ नावाची सोय तेव्हा नवीनच आली होती. त्यात चित्र काढायचं म्हणजे हातात पेन्सिल नाहीच, सगळं लिहून सांगायचं. हा बिंदू इतक्या अंशांवर, केंद्रापासून इतक्या अंतरावर. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ. रेघेच्या मध्यावर, जरा वर, हा आकडा. प्रत्येक हुकमाच्या शेवटी अर्धविराम, आणि तो विसरलात की चित्राऐवजी पानभर शिव्या येतात. कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत मी बसायचे आणि लाइट जायचे. सगळ्या महाराष्ट्राला पुरेल अशी वीज आमच्या चंद्रपुरात बनते, धूर आम्ही गिळतो, आणि भारनियमनही आमच्याच नशिबी. लिहिलेलं जपून ठेवायच्या आत पडदा काळा झाला की मी जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी कोनांनी छळलं. कोनाची खूण म्हणून छोटा कंस काढायचा असतो. मी सांगितलं, मधल्या बिंदूपासून शून्य ते साठ अंशांचा कंस काढ. चित्र आलं तर कंस बिंदूच्या भोवती नाहीच, बाजूला, जणू शेजारच्यांच्या अंगणात. सर मागे उभे होते. ते म्हणाले की हा कोन कोणाचा आहे, आपला तर दिसत नाही. मग पुस्तिका चाळून समजलं की टिक्झ कंस काढतो तो पेन जिथे टेकलाय तिथून. त्या बिंदूला तो केंद्र मानत नाही, सुरुवात मानतो. म्हणून आधी केंद्रापासून थोडं बाहेर सरकायचं, त्याच अंशाच्या दिशेने, कंसाच्या त्रिज्येएवढं, आणि मग कंस सुरू करायचा. तसं केल्यावर कोन आपल्या घरी आला. बिंदूंची नावंही आधी रेघांवर चढून बसली होती, त्यांना त्याच अंशावर जरा लांब नेऊन ठेवलं.

मग खरी गंमत सुरू झाली. पाच आरे म्हणून मी तीनशे साठला पाचने भागलं, बहात्तर-बहात्तर अंशांवर पाच बिंदू ठेवले. टिक्झमध्ये एकदा सांगितलं की तो पाचही वेळा आपणच करतो. चाक आलं, काय सुरेख आलं! मी त्यावर सगळीकडे एक आणि साठ लिहून छापील कागद सरांपुढे ठेवला. सरांनी खिशातून पट्टी काढली. धावेच्या काड्या आऱ्यांपेक्षा लांब भरत होत्या, डोळ्यांनाही दिसण्याइतक्या. आणि बहात्तरच्या कोनात मी साठ लिहिलं होतं. म्हणजे परीक्षकाने जी खोड काढली होती तीच मी मापाने, संगणकावर, सुवाच्य करून दिली होती. सर म्हणाले, "वा मॅडम. चूक मोठी साफ आली."

मी चिडले. ठीक आहे, धाव आऱ्यांएवढीच हवी ना? मग साठ-साठ अंशांवर बिंदू ठेवू. शून्य, साठ, एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेचाळीस. आता चार त्रिकोण अगदी नेमके बसले, सगळ्या काड्या सारख्या. पाचवी धाव मात्र शेवटच्या बिंदूपासून पहिल्यापर्यंत न्यायची तर केवढी लांबलचक, पावणेदोनपट. ती तोकडी केली तर पहिल्या बिंदूला पोचेना. मी आकडे तपासले. अंशांच्या जागी काही दुसरं तर घेत नाही ना म्हणून टिक्झची पुस्तिका पालथी घातली. सर रोज सकाळी येऊन विचारायचे, "मिटलं का?" मी म्हणायचे, नाही. ते म्हणायचे, "माह्या फळ्यावर त मिटते, तुह्या डब्यात काऊन मिटत नाई?" आणि फळ्यावर काढून दाखवायचे. खांद्यापासून हात, एक वर्तुळ, पाच आरे, पाच सरळ रेघा, सगळीकडे एक, सगळीकडे साठ. मिटलेलं. मी त्या फळ्याकडे बघायचे आणि मलाही वाटायचं, दोष माझ्या डब्याचाच असणार. शेवटी मी वैतागून पाचवी काडी थोडी वाकवून दिली, टिक्झमध्ये तशीही सोय आहे. सरांनी कागद परत केला. वाकलेली काडी मोडलेली असते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी लाइट गेले होते. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा बंद, दोघांचीही तोंडं वाकडी. सरस्वतीच्या फोटोपाशी उदबत्तीसाठी ठेवलेली काडेपेटी सरांनी उचलली आणि टेबलावर काड्या ओतल्या. म्हणाले, "तुह्या मशिनीले जमत नाई त हातानं करू." ते एकेक काडी लावत गेले, मी टोकं जुळवून देत होते. पहिला त्रिकोण, त्याला लागून दुसरा, तिसरा, चौथा. पाच आरे झाले, चार धावा झाल्या, नऊ काड्या संपल्या. दहावी काडी त्यांनी शेवटच्या बिंदूला टेकवली आणि तिचं दुसरं टोक पहिल्या बिंदूकडे वळवलं. पोचेना. त्यांनी बाकीच्या जरा सरकवल्या, तर तिकडची शिवण उसवली. ती नीट केली, तर इकडे पोचेना.

माझं डोकं गरम होतं, म्हणून मी बोलून गेले. "सर, हे मिटणारच नाही. मिटत नाही हेच तर तुम्ही सिद्ध केलंय."

त्यांनी काडी हातात तशीच धरली आणि माझ्याकडे बघितलं.

आकृती ज्या प्रमेयाखाली होती ते प्रमेयच मुळी असं होतं: काड्यांच्या ग्राफमध्ये पाच आऱ्यांचं चाक कधीही असू शकत नाही. सिद्धता चार ओळींची. समजा असं चाक आहे. सगळ्या काड्या सारख्या म्हणून पाचही त्रिकोण समभुज, प्रत्येक कोन साठ. मधल्या बिंदूभोवती पाच साठे तीनशे. पण पूर्ण फेरा तीनशे साठचा. विरोध. झालं. ते "समजा" दाखवण्यासाठी फळ्यावर चाक काढायचं आणि खाली म्हणायचं की हे नाहीच. वर्षानुवर्षं आम्ही असंच शिकवतो, शिकतो. जे नाही ते आधी काढायचं, त्याला नावं द्यायची, माप लिहायचं, मग खोडायचं. फळ्याची त्याला हरकत नसते. टिक्झला मात्र प्रत्येक बिंदूची जागा सांगावी लागते, आणि नसलेल्या बिंदूची जागा कुठून सांगणार? गणिताचे दोन प्राध्यापक, त्यांतल्या एकाने हे होत नाही असं सिद्ध केलेलं, दुसरीने ते स्वतः टाइप केलेलं, आणि दोघंही इतके दिवस ते करायला बसले होते. अब्बा म्हणतात तसं, कापडच कमी असेल तर कात्रीवर राग काढून काय होणार.

सर हसतील असं मला वाटलं. आधी मीच हसले. मग तेही इतके हसले की दाराशी येऊन लोक विचारायला लागले, काय झालं म्हणून. हसून झाल्यावर त्यांनी दहावी काडी आधीच्या चार धावांसारखीच वळवून सोडली. तिचं सुटं टोक आणि पहिला बिंदू यांच्यामध्ये फट राहिली. मी त्या फटीत आणखी एक काडी ठेवून पाहिली. ती तंतोतंत बसली.

मग मी आकृती नव्याने लिहिली. पाच त्रिकोण साठ-साठ अंशांनी, शेवट तीनशेवर. तिथे येणारा बिंदू म्हणजे पुन्हा पहिलाच, म्हणून त्याला पहिल्याचंच नाव, वर एक छोटी तिरपी खूण. एकच बिंदू दोन ठिकाणी हवा, आणि दोन्ही ठिकाणांत साठ अंशांची फट. फटीतला कंस तुटक रेघेने, त्यात साठ. प्रत्येक काडीवर एक, आता खरंच एक. प्रत्येक कोनात साठ, आता खरंच साठ. पट्टी लावा नाहीतर कोनमापक लावा. मला ते चित्र फार आवडलं. मजकूर नसता तरी चाललं असतं, सिद्धता त्या चित्रातच होती.

सरांना आवडलं नाही. म्हणजे पटलं, पण आवडलं नाही. कागद हातात धरून ते म्हणाले, "सगळं खरं आहे पोरी. पण मिटलं नाई न." मला आधी समजलं नाही. मग त्यांचा चेहरा पाहून समजलं. आयुष्यभर ज्यांनी वर्तुळ मिटवून दाखवलं, त्यांच्या प्रबंधात शेवटी उघडं चाक जाणार होतं. बाहेरचा माणूस पान उलटेल आणि म्हणेल, म्हाताऱ्याचं चाक अर्धवट राहिलं. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. दोन दिवस कागद त्यांच्या खणात पाटीजवळ पडून होता. मग त्यांनी तो मला परत दिला आणि पाठवून दे म्हणाले.

परीक्षकाने आकृती मान्य केली आणि तोंडी परीक्षेची तारीख आली, सरांच्या निवृत्तीच्या जेमतेम आधीची. नागपूरला परीक्षेच्या हॉलमध्ये कोणीही बसू शकतं, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. परीक्षक बुटका, शांत माणूस निघाला. मी त्याला मनात जितकं लांब नाक दिलं होतं तितकं नव्हतं. सर नवा कोट घालून आले होते. अब्बांनी शिवलेला. प्रश्न होत गेले, उत्तरं होत गेली. शेवटी परीक्षक म्हणाला की ती चाकाची सिद्धता एकदा फळ्यावर करून दाखवा.

कागदावर माझी आकृती होती, पण फळ्यावर सरांचा हात होता, आणि तो हात पस्तीस वर्षं एकच गोष्ट करत आला होता. त्यांनी खडू टेकवला, खांदा उचलला आणि हात निघाला. तोच जुना डौल, तोच वेग. अर्धं वर्तुळ झालं, पाऊण झालं. मी बाकाची कड घट्ट धरली होती. मनात म्हणत होते, सर थांबा, आता थांबा. खडू आणखी थोडा पुढे गेला, आणि फेऱ्याचा सहावा हिस्सा उरला असताना थांबला. हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी शांतपणे आरे काढले, त्या वर्तुळावर पाच धावा बसवल्या, प्रत्येक कोनात साठ लिहिलं आणि राहिलेल्या फटीत हळूच तुटक कंस काढला. तिथेही साठ.

परीक्षकाने मान डोलावली आणि विचारलं, फळ्यावर हाताने इतकं नेमकं कसं जमतं. सर खडूची भुकटी झटकत होते. ते वळले, परीक्षकाच्या डोक्यावरून थेट मागच्या बाकाकडे बघितलं आणि विचारलं, "मिटलं का?"

त्या हॉलमध्ये शिस्त होती, मोठे लोक बसलेले होते, आणि माझे डोळे भरून आले होते. तरी मी उभी राहिले आणि वर्गात ओरडायचे तसं ओरडले, "नाई मिटलं, सर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धापा टाकत कॉलेजात पोचले तर सर स्टुलावर चढून विभागाच्या दारावर ती खणातली पाटी ठोकत होते. मला पाहून त्यांनी हातोडी माझ्याकडे दिली आणि दुसरा खिळा तूच ठोक म्हणाले.